आईच्या खात्यातले दुसरे नाव

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



हे पत्र दुधनीहून लिहितो आहे. दादरा-नगर हवेलीतले, मधुबन धरणाच्या जलाशयाकाठचे हे गाव. सिल्वासाहून खानवेलमार्गे डोंगरातल्या रस्त्याने इथे पोचता येते. बाहेरची माणसे इथे होडीत बसायला येतात. आमच्यासाठी मात्र हेच पाणी बाजार, दवाखाना आणि बँक यांच्या वाटेत आडवे येते. मी बँकेत नोकरी करून निवृत्त झालो. आता शेजारपाजारच्या कोणाचे खात्याचे काम अडले की ते कागदांची पिशवी घेऊन माझ्या ओटीवर येतात. त्या पिशव्यांतून एकच भांडण पुन्हा पुन्हा बाहेर पडते, आणि त्याचे मूळ बँकेच्या छापील अर्जात आहे. तो अर्ज बदलणे आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

सुरुवात नेहमी चांगल्या हेतूने होते. म्हातारी आई, नवरा वारलेला. जमिनीच्या व्यवहाराचे किंवा नवऱ्याच्या नोकरीतले काही लाख रुपये तिच्या नावावर आहेत. गुडघे चालत नाहीत. आयुष्यभर भाताची लावणी आणि विळ्याचे काम करून बोटांच्या रेषा झिजल्यात, त्यामुळे अंगठ्याचे मशीन तिला ओळखत नाही. दोनदा-तीनदा हेलपाटा झाला की काउंटरवरचा माणूस सांगतो, ‘आजी, मुलाचे नाव लावून घ्या, म्हणजे तुम्हाला यायलाच नको.’ सल्ला मनापासूनचा असतो. हा सल्ला देणारी माणसे माझ्याच खात्यातली, मी त्यांना ओळखतो. मग अर्ज येतो, मुलाचा फोटो चिकटतो, आई अंगठा उठवते, आणि खाते जॉइंट होते. व्यवहाराच्या पद्धतीपुढे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ या चौकटीत खूण होते, म्हणजे दोघांपैकी कोणीही एक, किंवा मागे राहील तो. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असाही पर्याय असतो, पण त्यात पहिले नाव असलेली व्यक्ती हयात असेपर्यंत दुसऱ्याला पैसे काढता येत नाहीत. आईचा हेलपाटा वाचवायचा तर तो निरुपयोगी, म्हणून खूण बहुधा पहिल्याच चौकटीत पडते.

त्या अर्जात काय विचारलेले असते ते पाहा. नाव, पत्ता, आधार, पॅन, सही कोण करणार, चेकबुक हवे का, एटीएम कार्ड कोणाला, नॉमिनी कोण. सगळे प्रश्न पैसे हाताळण्याचे. आत जे पैसे आहेत ते कोणाचे, आणि दुसरे नाव का लावले, हे कुठेच विचारलेले नसते. आईने सोय मागितली होती. कागदावर मात्र ‘मागे राहील तो’ असे लिहिले गेले, आणि तिच्या पश्चात मुलगा तेवढेच वाचतो.

मागच्या पावसाळ्यानंतर जव्हारकडे दिलेली एक लेक माझ्याकडे आली होती. तिचे म्हणणे दोन वाक्यांत संपले. ‘काका, भाऊ म्हणतो बँकेनं मला दिलं, म्हणजे ते माझंच. आईनं असं कधी म्हटलं नव्हतं.’ भावाच्या मनात कपट होते असे मला वाटत नाही. बँकेने अडवले नाही, कार्ड चालू राहिले, पासबुकात त्याचे नाव छापलेले. यापुढे त्याने आणखी काय पाहायचे?

कायद्याचे उत्तर मात्र भावाच्या बाजूचे नाही, आणि हे उत्तर आजचे नाही. १९२८ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे गुरन दित्ता विरुद्ध राम दित्ता हा खटला आला. नवऱ्याने स्वतःच्या आणि बायकोच्या नावाने बँकेत ठेव ठेवली होती, दोघांपैकी कोणालाही किंवा मागे राहील त्याला मिळावी अशी. नवरा गेल्यावर प्रश्न उभा राहिला की ती रक्कम बायकोची झाली का. इंग्लंडच्या कायद्यात नवऱ्याने बायकोच्या नावे पैसे ठेवले की ते तिला बक्षीस दिले असे आधी गृहीत धरत. प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की हिंदुस्थानात असे गृहीत धरता येत नाही. इथे सोयीसाठी दुसऱ्याच्या नावाने पैसा ठेवण्याची रीत आहे, त्यामुळे केवळ खात्याच्या स्वरूपावरून मालकी ठरत नाही. पैसा ज्याचा होता त्याचाच राहतो, आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. द्यायचाच हेतू होता असे कोणी म्हणत असेल, तर तो हेतू त्याने सिद्ध करावा.

नॉमिनीच्या बाबतीतही न्यायालये याच वाटेने गेली. २०१० साली राम चंदर तलवार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बँकिंग रेग्युलेशन अॅक्टच्या कलम ४५झेडए चा अर्थ लावला. नॉमिनीला बँकेकडून पैसे घेण्याचा हक्क आहे, पण तेवढ्याने तो त्या पैशाचा मालक होत नाही. वाटणी वारसाहक्काच्या कायद्यानेच होते. मराठी वाचकांना जवळचे उदाहरण ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या मालमत्तेचे. ते २०१३ साली गेले. त्यांच्या गुंतवणुकींवर नेमलेल्या नॉमिनींचा हक्क आणि मृत्युपत्र यांत वरचढ काय, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. शेअर आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनीसुद्धा मालक होत नाही, असा निकाल १४ डिसेंबर २०२३ रोजी लागला. दहा वर्षे गेली. ज्यांच्याकडे वकील होते, कागद होते आणि मृत्युपत्र होते त्यांच्याबाबत ही गत, तर खानवेलच्या बाजारात पासबुक भरून आणणाऱ्या बाईची काय होत असेल?

महोदय, आपल्या बँकेलाही हे सारे ठाऊक आहे. मृत खातेदारांच्या दाव्यांविषयी रिझर्व्ह बँकेने जून २००५ मध्ये काढलेले परिपत्रक माझ्या टेबलावर कायम असे. मागे राहिलेल्या खातेदाराला किंवा नॉमिनीला पैसे दिले की बँक जबाबदारीतून मोकळी होते, असे त्यात म्हटले आहे, पण अटींसह. त्याची ओळख नीट पटवावी. न्यायालयाचा मनाई हुकूम नसावा. आणि तिसरी अट अशी की, हे पैसे तू मृताच्या कायदेशीर वारसांचा विश्वस्त म्हणून घेतो आहेस, हे त्याला स्पष्ट सांगितलेले असावे. या तिसऱ्या अटीमुळे भावा-बहिणींचे अर्धेअधिक तंटे मिटायला हवे होते. ते मिटत नाहीत, कारण ही अट पाळण्याची वेळच येत नाही.

नॉमिनी असेल तर तो मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत येतो, फॉर्म भरतो, सही करतो. निदान तिथे त्याच्यासमोर एक कागद ठेवला जातो. जॉइंट खात्यातला मुलगा येतच नाही. त्याच्याकडे कार्ड आहे, मोबाईलवर ओटीपी येतो, तो आधीपासून पैसे काढत होता आणि पुढेही काढत राहतो. आई गेली हे बँकेला कित्येक महिने कळत नाही. कळते तेव्हा खात्यात काही शेकडे उरलेले असतात, आणि त्याला विश्वस्त म्हणून कोणी काहीच सांगितलेले नसते. नोकरीत असताना मी हे पाहिले आहे: आईचे नाव वगळण्याचा अर्ज घेऊन मुलगा येतो, आम्ही दाखला पाहतो, नाव वगळतो, नवे पासबुक देतो. त्या नव्या पासबुकावर आता एकट्याचे नाव. त्याची समजूत पक्की होते, आणि ती पक्की करणारे आम्हीच असतो.

बहीण बँकेत अर्ज घेऊन गेली तर काय होते? कायद्याच्या कलम ४५झेडबी प्रमाणे खाते ज्याच्या नावावर आहे त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या दाव्याची नोटीस बँकेला घेता येत नाही. न्यायालयाचा हुकूम आणला तरच बँक थांबते. काउंटरवरून तिला परत पाठवतात तेव्हा कर्मचारी नियमानेच वागत असतो, पण तिला वाटते की आपला हक्कच नाही. हक्क असतो, तो बँकेविरुद्ध नाही, भावाविरुद्ध असतो. ही गोष्ट तिला कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठे नुकसान इथेच होते.

आणखी एक गाठ नॉमिनीमुळे पडते. पुष्कळ आया विचार करून वागतात. मुलाचे नाव खात्यात लावले, म्हणून मुलीचे नाव नॉमिनी म्हणून लिहितात, म्हणजे दोघांना काहीतरी मिळेल. हा हिशेब चुकतो. जॉइंट खात्यात नॉमिनीचा नंबर सगळे खातेदार गेल्यावरच लागतो. आईनंतर मुलगा हयात आहे तोपर्यंत नॉमिनी मुलीला बँक एक रुपयाही देणार नाही, आणि मागे राहिलेला मुलगा ते नॉमिनेशन बदलूही शकतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. ही चांगली सुधारणा आहे, पण जॉइंट खात्यातल्या या आईला तिचा उपयोग नाही.

आता हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे माझे म्हणणे हवेत राहणार नाही. समजा आईच्या आणि धाकट्या मुलाच्या जॉइंट खात्यात आणि ठेवींत मिळून, ती गेली त्या दिवशी ९ लाख रुपये आहेत. मूळ पैसा आईचा, जमिनीचा. पण मुलगा वापीच्या कारखान्यात आहे आणि त्याने पगाराच्या खात्यातून या खात्यात वेळोवेळी १ लाख २० हजार वळवले आहेत. नोंदी पासबुकात दिसतात. आईचे अंत्यविधी आणि दिवसकार्य त्याने पदरच्या ६० हजारांत केले. दुसरा मुलगा सिल्वासाला, मुलगी जव्हारला. मृत्युपत्र नाही.

बँकेच्या दृष्टीने ९ लाख धाकट्याच्या ताब्यात आहेत आणि तिचे काम संपले. कायद्याच्या दृष्टीने काम इथून सुरू होते. प्रथम धाकट्याचे स्वतःचे १ लाख २० हजार बाजूला काढायचे; ते आईचे नव्हतेच. उरले ७ लाख ८० हजार. अंत्यविधीचा वाजवी खर्च मृताच्या मालमत्तेतून सगळ्यांच्या आधी वळता होतो, म्हणून आणखी ६० हजार त्याला परत. उरले ७ लाख २० हजार. हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या घरात विधवा आईचे मुलगे आणि मुली सारख्या हिश्शाने वारस, म्हणून प्रत्येकी २ लाख ४० हजार. धाकट्याकडे सगळे मिळून ४ लाख २० हजार राहतील आणि त्याने भावाला व बहिणीला मिळून ४ लाख ८० हजार द्यायचे. आईला दवाखान्यात नेले, रात्री जागवल्या, याची किंमत या हिशेबात येत नाही. ती यावी असे आईला वाटत असेल, तर तिने तसे लिहून ठेवायला हवे होते.

या सगळ्याचा आधार म्हणजे पैसा कुठून आला याचा पुरावा. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो की जुनी पासबुके रद्दीत घालू नका. व्यवहारांच्या नोंदी बँकांनी किमान पाच वर्षे ठेवायच्या असतात. त्यामागचे मिळेलच याची खात्री नाही. जमिनीच्या व्यवहाराचा दस्त, मोबदल्याचा आदेश, ठेवींच्या पावत्या, व्याजावर कर कापू नये म्हणून आईने बँकेत दिलेले १५एच फॉर्म: या कागदांवरून पैसा आईचा होता हे उभे राहते. मुलाने रोख भरलेली रक्कम सिद्ध करणे मात्र कठीण जाते, मग ती खरेच त्याची असली तरी. म्हणून माझा सल्ला मुलांनाही असतो: आईच्या खात्यात आपले पैसे मिसळू नका.

आमच्या भागात या हिशेबाला आणखी एक वळण आहे, आणि मुंबईत बसून ते ध्यानात येणार नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम २(२) प्रमाणे तो कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय. दुधनीत राहणारे वारली, कोकणा, धोडिया, काथोडी हे अनुसूचित जमातींत मोडतात. त्यांच्या घरात वाटणी त्यांच्या रूढीप्रमाणे, आणि ती रूढी कोणती हे म्हणणाऱ्याने सिद्ध करायची असते. नुसते ‘आमच्यात मुलीला देत नाहीत’ एवढे म्हणून भागत नाही. १७ जुलै २०२५ रोजी राम चरण विरुद्ध सुखराम या गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा आला. मुलींना वगळण्याची रूढी कोणीही सिद्ध केलेली नव्हती. तशा वेळी केवळ बाई म्हणून तिचा वाटा नाकारणे न्यायाला धरून नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि त्या घरातल्या लेकीच्या वारसांना समान वाटा दिला. तो खटला जमिनीचा होता. पण बँकेतल्या पैशाबाबतही, रूढीचा पुरावा नसताना आदिवासी बहिणीला रिकाम्या हाती पाठवता येईल, असे मला वाटत नाही. तिला त्यासाठी सिल्वासाच्या न्यायालयात जावे लागते, गरज पडली तर पुढे मुंबई उच्च न्यायालयात. या प्रदेशाचे उच्च न्यायालय तेच आहे. दोन-अडीच लाखांसाठी एवढे कोण चालणार? बहुतेक जणी चालत नाहीत, आणि त्यानंतर भावाच्या दारातही येत नाहीत.

याचा अर्थ जॉइंट खात्यातला प्रत्येक मुलगा दुसऱ्यांचे पैसे धरून बसला आहे असा नाही. कधी आईला खरेच वाटत असते की ज्याने सांभाळले त्याला मिळावे. त्या मुलाची स्थितीही या अर्जामुळे कच्चीच राहते, हे विसरता कामा नये. आईचा हेतू होता हे त्याला सिद्ध करावे लागते, आणि ते सांगणारी आई तर गेलेली असते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली पेकोर खटल्यात हाच प्रश्न पाहिला. म्हाताऱ्या बापाने आपली बरीच बचत तीन मुलांपैकी सगळ्यात जवळच्या मुलीबरोबर जॉइंट खात्यांत ठेवली होती. न्यायालयाने आधी नियम सांगितला, की सज्ञान मुलाचे नाव मोबदला न घेता खात्यात लावले तर ते सोयीसाठी लावले असेच प्रथम धरावे आणि पैसा बापाच्या मालमत्तेत जावा. मग पुरावा तपासला, बापाला तिलाच द्यायचे होते हे पटले, आणि मुलगी जिंकली. पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन. बापाने एक ओळ लिहून ठेवली असती तर तिला तिथवर जावे लागले नसते.

सोयीसाठी जॉइंट खात्याची गरजही बहुतेक वेळा नसते, हे मी नोकरीच्या अनुभवाने सांगतो. खाते आईच्याच नावावर ठेवून मुलाला फक्त व्यवहाराचा अधिकार देणारे मँडेट पत्र बँका घेतात. मुलगा सही करतो, पैसे काढतो, पण तो खातेदार होत नाही, आणि आई गेली की त्याचा अधिकार त्याच क्षणी संपतो. मग वारस किंवा नॉमिनी पुढे येतात आणि सगळे उघडपणे होते. आजारी किंवा थकलेल्या खातेदारासाठी तर रिझर्व्ह बँकेच्याच सूचना आहेत: सही करता येत नसेल तर अंगठा, हाताचा अंगठा शक्य नसेल तर पायाचा, दोन साक्षीदारांसमोर, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, आणि पैसे कोण घेऊन जाईल हे खातेदाराने सांगायचे. सत्तरीच्या पुढच्यांना घरी जाऊन मूलभूत सेवा द्याव्यात हेही आपण नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगितले आहे. दुधनीतल्या आजीला यातले काहीच माहीत नसते. काउंटरवरच्या मुलाला माहीत असले तरी रांग मोठी असते, आणि जॉइंट करणे पाच मिनिटांचे काम आहे. मँडेटमुळे आईचे दुसऱ्या बाजूनेही रक्षण होते. मुलाच्या कर्जापायी त्याच्या खात्यांवर जप्ती आली, तर जॉइंट खातेही त्या तडाख्यात सापडू शकते, आणि आईला आपले पैसे आपलेच आहेत हे जिवंतपणी सिद्ध करत बसावे लागते.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या बँकिंग कायद्यात ‘सोयीचे खाते’ असा वेगळा प्रकारच आहे. तिथे दुसरे नाव केवळ पहिल्या खातेदाराच्या सोयीसाठी असते. तो गेला की पैसा त्याच्या मालमत्तेत जातो, दुसऱ्या नावाकडे राहत नाही. आपल्याकडे त्यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही. आपल्या न्यायालयांनी तत्त्व केव्हाच सांगितले आहे. ते फक्त अर्जावर आलेले नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपण मृत ग्राहकांच्या दाव्यांबाबत नवे निर्देश काढले आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ते अमलात आणायला बँकांना सांगितले. मागे राहिलेला खातेदार किंवा नॉमिनी नसेल तरी व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतचे दावे सोप्या कागदांवर, कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत मिटवायचे, उशीर केला तर बँकेने भरपाई द्यायची. याचा आमच्यासारख्या गावांना फार उपयोग होईल. त्यातून आणखी एक गोष्ट निघते: आईचे एकटीचे खाते असले तर तिच्यामागे पैसे अडकून पडतील, ही भीती आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. ‘जॉइंट करा, नाहीतर नंतर त्रास होईल’ या सल्ल्याचा मोठा आधार आपणच काढून घेतला आहे. त्याच कामाचे हे उरलेले टोक आपण हाती घ्यावे.

माझी विनंती अशी. जॉइंट खात्याच्या प्रत्येक अर्जात, सहीच्या चौकटीच्या वर, खातेदारांनी भरायची एक ओळ छापावी: ‘दुसऱ्या खातेदाराचे नाव (अ) केवळ व्यवहाराच्या सोयीसाठी लावले आहे, माझ्यामागे रक्कम माझ्या वारसांची राहील, किंवा (ब) माझ्यामागे ही रक्कम त्यालाच द्यावी असा माझा हेतू आहे.’ हे वाचून दाखवूनच आईचा अंगठा घ्यावा, आणि तिने काय निवडले ते पासबुकाच्या पहिल्या पानावर छापावे. (ब) निवडले तरी ती ओळ मृत्युपत्राची जागा घेणार नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि तसे करायचे असेल तर तिने ते वेगळे करावे हेही तिथेच लिहावे. पण हेतूचा पुरावा म्हणून त्या ओळीची किंमत मोठी राहील, वारसांसाठी आणि मुलासाठीही.

मृत खातेदाराचे नाव वगळण्याच्या अर्जावर २००५ च्या परिपत्रकातली ती तिसरी अट मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजीत छापावी, आणि अर्जदाराची सही तिच्याखाली घ्यावी. बहिणीने विचारणा केली तर तिला नोटीस घेता येत नाही एवढेच सांगून न थांबता, बँकेने पैसे दिले म्हणून तुमचा हक्क संपत नाही, तो दिवाणी न्यायालयात मागता येतो, एवढे लिहिलेली छापील चिठ्ठी द्यावी. तिला पुढची वाट कळेल, आणि बँकेला कोणाची बाजूही घ्यावी लागणार नाही.

राहिला प्रश्न आजवर उघडलेल्या जॉइंट खात्यांचा. त्यासाठी वेगळी मोहीम नको. केवायसी दर काही वर्षांनी नव्याने करावी लागतेच. जोखीम कमी मानलेल्या खात्यांना दहा वर्षांनी, बाकीच्यांना त्याआधी. त्या अर्जाच्या तळाशी ही ओळ जोडावी. दुधनीतल्या पुष्कळ आयांची केवायसी याच एक-दोन वर्षांत होणार आहे, आणि तो अर्ज त्यांच्यापुढे येईल तेव्हा त्या हयात असतील, स्वतःच्या तोंडाने उत्तर देतील.

आपला विश्वासू,
दुधनीचा एक निवृत्त बँक कर्मचारी